ओट्याखालच्या कडाप्प्यात 21 इंची थाळी बास्केट बसेल का? मदत हवी आहे

रश्मी_नाशिक: ओट्याखाली ट्रॉल्या करून घ्यायच्या आहेत. दोन कडाप्प्यांमधली जागा पुढे सव्वाबावीस इंच भरते, मागे भिंतीपाशी पावणेबावीस. उंची 28. सुतार म्हणतोय 21 इंची बास्केट आणा, बसवतो. खाली थाळी, मध्ये प्लेन, वर कटलरी असा विचार आहे. की सरळ टँडम बॉक्सच घ्यावेत?

बंड्या: सोपं आहे. कपाटाच्या रुंदीतून तीन इंच वजा करायचे. म्हणजे तुम्हाला 19 ची.

सुतारपक्षी: बंड्याभाऊ, उत्तर बरोबर आलं, पण तो हिशेब प्लायच्या कपाटाचा. 600 मिमीच्या कपाटात दोन्ही बाजूंचा 18 मिमी प्लाय गेला की आत 564 उरतात, त्यात 21 इंची बास्केट बसते. इथे प्लाय नाहीच.

रश्मीताई, चॅनेल दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच खातं. 21 च्या बास्केटला 22 लागणार आणि मागे तेवढी जागाच नाही. ठोकून बसवली तर चॅनेल मागे आवळतं आणि ट्रॉली शेवटचे चार बोटं आत जात नाही. 19 चीच घ्या. कडाप्प्याला दोन्हीकडे पाऊण इंची प्लायच्या पट्ट्या मारायच्या. मागे सव्वावीस उरतील, पुढे पावणेएकवीस. लागतात वीस. तेव्हा प्रत्येक बाजूला पट्टीमागे पुढच्या टोकाशी तीन सूत आणि मागे एक सूत पॅकिंग दिलं की चॅनेल समांतर. आधी रुंदी वर, मध्ये, खाली अशी पुन्हा मोजा. कडाप्पा सरळ उभा असतोच असं नाही.

मीनल: आमच्या टँडममध्ये 21 इंची कटलरी ट्रे बसलाच नाही हो! कपाट 600 चंच आहे. दुकानदार परत घेत नाही.

सुतारपक्षी: टँडमच्या बाजू जाड असतात. ब्लुमच्या तक्त्यात तळाचा बोर्ड कपाटाच्या आतल्या मापातून 75 मिमी कमी, म्हणजे तुमच्याकडे 489. 21 इंच म्हणजे 533. प्लास्टिकचा ट्रे असेल तर कडा कापता येतात का बघा. ट्रे नेहमी ड्रॉवर बसल्यावर, आतून मोजून आणावा.

रश्मीताई, टँडमसाठी आत प्लायचा काटकोनी खोका लागेल. 550 चा खोका केला तर आत 514, आणि तळ 439 मिमी, जेमतेम सव्वासतरा इंच.

रश्मी_नाशिक: मग बास्केटच. पण थाळी बास्केट 8 इंच उंच आणि आमची ताटं 12 इंची!

सुतारपक्षी: ताटं उभी राहतात, बास्केटच्या वर डोकावतात. खाली 14 इंच सोडा, मधल्या 6 इंचीला 8, वरच्या 4 इंचीला 6. झाले 28.

बंड्या: 14 कशाला? ताटं तिरकी ठेवली की 12 पुरे.

सुतारपक्षी: तिरकी ठेवली की तारांमधून घसरतात. माझं मत 14.

रश्मी_नाशिक: घरातलं सर्वांत मोठं ताट मोजते आणि उद्या सुताराला पट्ट्यांचं सांगते. चॅनेल साधं घ्यावं की सॉफ्ट क्लोज, कुणी वापरलंय?