मदत हवी आहे: बुटावरचा सेन्सर २०२ वॅट दाखवतो आणि मनगटावरचे घड्याळ २६५, कोणता आकडा धरावा?

पहाटधाव_पुणे: नमस्कार. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करताना मी गेले तीन महिने बुटाच्या नाडीत अडकवायचा पॉड वापरत आहे, आणि नव्या घड्याळातही धावण्याची पॉवर दिसते. सपाट रस्त्यावर किलोमीटरला सहा मिनिटे या एकाच वेगाने धावताना पॉड सुमारे २०२ वॅट दाखवतो, तर घड्याळ २६५. माझे वजन ७० किलो आहे. पेडर रोडच्या चढावर दम राखण्यासाठी मला या आकड्याचा आधार घ्यायचा आहे, पण दोन्ही उपकरणांत इतका फरक असेल तर विश्वास कोणावर ठेवावा?

सायकलस्वार_सातारा: वॅट म्हणजे वॅट, त्याचे दोन अर्थ होत नाहीत. माझ्या सायकलच्या क्रँकवरचे मीटर आणि मागच्या चाकातले मीटर यांत दोन-तीन टक्क्यांपलीकडे फरक पडत नाही. धावताना जोर पाय लावतात, हात नव्हे. त्यामुळे मनगटावरचा आकडा चुकीचा आणि बुटावरचा खरा, असे मी म्हणेन.

देशपांडे_काका: सायकलबद्दलचे आपले म्हणणे बरोबर आहे, परंतु ते येथे लागू पडत नाही. सायकलच्या मीटरमध्ये धातूला पडणारा पीळ प्रत्यक्ष मोजला जातो. धावताना पाय जमिनीवर किती जोर लावतो हे बुटावरचा पॉडही मोजत नाही. तो पावलाच्या हालचालीवरून वेग आणि हवेच्या दाबावरून चढ ओळखतो, त्यात आपण भरलेले वजन मिसळतो आणि सूत्राने आकडा काढतो. घड्याळ हेच काम जीपीएस, हवेचा दाब आणि हाताची हालचाल यांवरून करते. दोन्ही अंदाजच आहेत. शिवाय धावताना टाचेवरचा स्नायुबंध स्प्रिंगसारखा ताणला जाऊन बरीचशी ऊर्जा परत देतो, आणि ती हिशेबात धरायची की नाही हे प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवते. आपला २०२ चा आकडा शरीराच्या ऊर्जाखर्चाच्या प्रमाणात ठेवलेला दिसतो: दर किलो वजनामागे, दर मीटरला साधारण १.०४ ज्यूल. ७० किलो आणि सेकंदाला २.७८ मीटर वेग धरून गुणाकार केला की २०२ च येतात.

एक विनंती आहे: दोन्ही ॲपमध्ये वजन किती भरले आहे, ते कृपया पाहावे.

पहाटधाव_पुणे: काका, घड्याळात ७४ होते! मागच्या वर्षीचे वजन तसेच राहिले होते. आज ७० करून त्याच रस्त्यावर धावलो, तर २५१ आले. तरीही ४९ वॅटचा फरक उरतोच.

देशपांडे_काका: तो उरणारच, कारण तो सूत्रांमधला फरक आहे. सेल्सियसमधले पन्नास आणि फॅरनहाइटमधले एकशे बावीस यांची तुलना करून कोणते तापमान खरे, असे आपण विचारत नाही. एकच उपकरण निवडावे आणि आपली मर्यादा त्याच उपकरणावर ठरवावी: एके दिवशी तीन मिनिटे आणि पुरेशा विश्रांतीनंतर दहा मिनिटे, दोन्ही वेळा पूर्ण जोर लावून. दुसऱ्याच्या तक्त्यातले वॅट उचलू नयेत.

चढाचे उदाहरण घेऊ. पाच टक्के चढावर शरीर वर उचलण्यासाठी दर किलोला, दर मीटरमागे आणखी सुमारे ०.४९ ज्यूल लागतात. म्हणजे २०२ वॅट कायम ठेवायचे, तर वेग किलोमीटरला जवळपास ८ मिनिटे ५० सेकंदांवर आणावा लागेल. इतके हळू जावे, हे मनाला पटत नाही, म्हणूनच तेथे आकड्याचा उपयोग आहे. मात्र चढ सुरू झाल्यावर मनगटावरचा आकडा उशिरा बदलतो, असा माझा अनुभव आहे. छोट्या चढावर पॉड बरा.

अनघा_ठाणे: मी ट्रेडमिलवर धावते. चढ सहा केला की श्वास फुलतो, पण पॉवर तेवढीच राहते. माझा पॉड बिघडला आहे का?

देशपांडे_काका: बहुधा नाही. ट्रेडमिलवर आपण प्रत्यक्ष उंची चढत नाही, त्यामुळे हवेचा दाब बदलत नाही आणि सेन्सरला चढ कळत नाही. ॲपमध्ये चढ हाताने भरण्याची सोय आहे का, ते पाहावे.

सह्याद्री_धावक: एक भर घालतो. वाळू, चिखल किंवा दमट हवा यांचा खर्च या आकड्यात येत नाही. मुंबईत उकाड्यात तेच २०२ वॅट ठेवूनही तिसाव्या किलोमीटरला माझे हृदयाचे ठोके मिनिटाला पंधराने चढले होते. मी तर शर्यतीत ठोक्यांवरच चालतो.

देशपांडे_काका: ठोके चढावर उशिरा वाढतात, त्यामुळे पेडर रोडवर मी वॅटच पाहीन. उरलेल्या अंतराबाबत मात्र आपले म्हणणे मला खोडता येत नाही.

पहाटधाव_पुणे: पॉडच ठेवतो. रविवारी तीन आणि दहा मिनिटांची चाचणी करून आकडे येथे लिहीन. एक शंका उरते: कार्बन प्लेटचे बूट घातल्यावर तेवढ्याच वेगाला कमी श्रम लागतात असे जाणवते, पण पॉडचा आकडा हलत नाही. मग चाचणी कोणत्या बुटांत करावी?