मदत हवी आहे: फोटोतल्या गणितात चूक नेमकी कोणत्या ओळीपासून सुरू होते?

अर्धा_तास
बहिणीचा मुलगा सोडवलेल्या गणिताचे फोटो पाठवतो. अट एकच: "सोडवून द्यायचं नाही, फक्त कुठल्या ओळीत चुकलं ते सांग." आजच्या गणितात त्याचं उत्तर 11.6 आलंय, पुस्तकात 10 आहे. ५ व्या ओळीत सरळसरळ चूक दिसते, पण ती दुरुस्त केली तरी 12.4 येतं. अर्धा तास डोळे फोडतेय. त्याला आजच कळवायचंय. आगाऊ धन्यवाद.

काटकोन
गणित कुठाय? फोटो कुठाय?

शेवटचा_बाक
आम्हाला काय स्वप्न पडणार? :)

अर्धा_तास
फोटो चढत नाहीये. जसंच्या तसं उतरवते.

```
1) (2x+1)/3 - (x-2)/4 = 5
2) 4(2x+1) - 3(x-2) = 60
3) 8x + 4 - 3x - 6 = 60
4) 5x - 2 = 60
5) 5x = 58
6) x = 11.6
```

निवृत्त_मास्तर
मुलं हल्ली ताळा करत नाहीत, हेच मूळ. 11.6 मूळ समीकरणात घालून पाहा, लगेच कळेल.

अर्धा_तास
सर, चुकलंय हे कळलेलंच आहे. कुठे चुकलं ते विचारतेय.

शेवटचा_बाक
सोपी युक्ती सांगतो. x = 1 घ्या आणि प्रत्येक ओळीत ठेवा. डाव्या बाजूची किंमत जिथे बदलेल तिथे चूक. मी नेहमी असंच करतो.

काटकोन
नुसती राशी सोपी करायची असेल तर ही युक्ती चालते, समीकरणाला नाही. x = 1 ठेवलं तर पहिल्या ओळीत डावीकडे 1.25 येतं आणि दुसरीत 15. म्हणजे दुसरी ओळ चुकली का? नाही, पोराने दोन्ही बाजूंना 12 ने गुणलंय, किंमत बदलणारच.

इथे खरी उकल हातात आहे, तीच प्रत्येक ओळीत घाला. x = 10 असताना १ ल्या ओळीत 7 - 2 = 5, जमलं. २ रीत 84 - 24 = 60, जमलं. ३ रीत 80 + 4 - 30 - 6 = 48, आणि उजवीकडे 60. फिसकटलं. चूक २ री ओळ संपून ३ री लिहिताना झाली. कंसाबाहेरचं -3 आतल्या -2 ला गुणताना +6 यायला हवं होतं.

अर्धा_तास
आणि ५ वी? 10 घातल्यावर ४ थी पण चुकते, ५ वी पण.

काटकोन
एकदा गाडी रुळावरून घसरली की पुढच्या सगळ्या ओळी 10 ला नापास होणारच. त्या चुकीच्या आहेत असं नाही, त्या वेगळ्याच समीकरणाच्या आहेत. म्हणून ३ री ओळ जशी आहे तशी खरी धरा आणि तिचीच उकल काढा: 5x = 62, म्हणजे 12.4. आता हे 12.4 घेऊन खाली उतरा. ४ थीत 62 - 2 = 60, बरोबर. ५ वीत 62 आणि 58, चूक. तुम्हाला आधी दिसली ती ही दुसरी, स्वतंत्र चूक आहे. -2 पलीकडे नेताना चिन्ह बदललं नाही.

शेवटचा_बाक
मान्य, मी राशीवालं डोक्यात घेऊन बसलो होतो. पण तुमची पद्धत तरी कुठे सगळीकडे चालते? x² = 10x वरून कोणी थेट x = 10 लिहिलं तर 10 दोन्ही ओळींत पास. 0 ही उकल गायब झाली ते कळणारच नाही.

काटकोन
बरोबर. x ने भागलं की उकल हरवते, वर्ग केला की नवीन उपटते. तिथे सगळ्या उकली घालून पाहाव्या लागतात, दोन्ही दिशांनी.

निवृत्त_मास्तर
मी तर २ ऱ्या ओळीला दोन गुण दिले असते. छेद नीट काढलाय.

दुपारची_उन्हं
ताई, फोटोत तिसऱ्या ओळीत 6 च्या आधी नक्की वजाच आहे का? मी रोज असे फोटो तपासते. रेघी वहीत चिन्ह छापील रेघेवर बसलं की अधिकची उभी दांडी फिकी पडते आणि आडवी रेघेत मिसळते. तुम्ही उतरवताना मेंदू स्वतःच ठरवून टाकतो.

अर्धा_तास
अरे देवा. मोठं करून पाहिलं. आडवी आहे, छापील रेघेवरच. उभी आहे की नाही सांगता येत नाही. फोटो काळा-पांढरा आहे, त्याने स्कॅन करून पाठवलाय.

काटकोन
काही फरक पडत नाही. पुढच्या ओळीत -2 आहे, म्हणजे त्याने 4 - 6 केलंय. वजाच लिहिलं होतं.

दुपारची_उन्हं
फरक पडतो, आणि मोठा पडतो. त्याने +6 लिहिलं असेल तर 10 घातल्यावर ३ री ओळ 80 + 4 - 30 + 6 = 60, पास. मग चूक ४ थीपासून, म्हणजे स्वतःचंच अक्षर त्याने चुकीचं वाचलं. माझ्याकडे एक मुलगी स्वतःचा 1 पुढच्या ओळीत 7 म्हणून उतरवायची. पुढची ओळ त्याने काय *वाचलं* ते सांगते, काय *लिहिलं* ते नाही.

काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये फिकं ते पांढरं होऊन जातं, बारीक दांड्या अशाच उडतात. मूळ रंगीत फोटो मागवा, आणि त्याच ओळीतल्या 8x + 4 मधल्या अधिकशी ताडून पाहा. तिथली दांडी ठळक असेल आणि इथे काहीच नसेल तर वजा.

शेवटचा_बाक
सावली घालवायची असेल तर वही खिडकीशी धरून...

काटकोन
सावलीचं कोणी विचारलं?

अर्धा_तास
फोटो आला. पेन्सिलीची उभी दांडी आहे! अधिकच आहे!

दुपारची_उन्हं
मोबाइलमध्ये आधीच काढलेला फोटो की वही उघडून आत्ता काढलेला?

अर्धा_तास
आत्ता काढलेला. "6 च्या आधी काय आहे ते नीट दिसू दे" असं मीच सांगितलं होतं.

निवृत्त_मास्तर
हाहा. मग दांडीही आत्ताचीच असेल.

दुपारची_उन्हं
शक्य आहे. तुम्ही बोट ठेवून विचारलंत, पोराने दुरुस्त केलं. आता दांडीवरून भांडू नका. त्याला काही न सांगता 5 - 2(x - 3) सोडवायला द्या. 5 - 2x - 6 लिहिलं तर कंसातली समजच चुकलीय.

अर्धा_तास
दिलं. 5 - 2x + 6 लिहिलं, पुढे 11 - 2x.

दुपारची_उन्हं
मग उतरवतानाच घसरला असावा. ४ थी ओळ सांगा.

काटकोन
एका गणितावरून? आत्ताच त्याला 6 च्या चिन्हाबद्दल विचारलंय, तो सावध झालाय. मी अजून ३ रीच म्हणेन. दोन दिवसांनी परत द्या, तेही फोटोत नको, समोर बसवून.

अर्धा_तास
सध्या "३ री आणि ४ थी शेजारी ठेवून वाच, आणि ५ वी वेगळी चुकलीय" एवढं कळवलं. उत्तर आलं: "एकच ओळ विचारली होती."