मदत हवी आहे: वाड्यातला सलग शॉट, कापसाच्या खोलीतला लपवलेला कट लपत नाही

पऱ्हाटी
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात आमच्या गावी एका जुन्या वाड्यात लघुपट करतो आहोत. मुलगी पाहायला पाहुणे आलेत. ती सांदवाडीतून, म्हणजे घरामागच्या अंगणातून, हातपाय धुऊन स्वयंपाकघरात येते, चहाचा ट्रे उचलते, माजघरात आजी तिला दोन शब्द सांगते, मग कापूस साठवलेल्या खोलीतून ती पुढच्या बैठकीत जाते. हे सगळं पाचेक मिनिटांच्या एकाच सलग शॉटमध्ये दिसायला हवं.

कापसाची खोली गाळता येत नाही. भाव वाढेल म्हणून बापानं कापूस घरातच ठेवलाय आणि लग्नाचा खर्च त्याच्यावरच अडलाय, हे ती तिथून चालताना कळतं.

कॅमेरा मिररलेस, २४ एमएमची लेन्स, गिंबलवर. अख्खा शॉट खरोखर एका दमात जमणं कठीण, म्हणून दोन ठिकाणी कट लपवायचा बेत आहे: सांदवाडीच्या दारात आणि कापसाच्या खोलीतल्या अंधारात. आयएसओ, शटर, व्हाइट बॅलन्स सगळं हातानं लावलंय. तरी चाचणीत दोन्ही जोड ओळखू येतात. कापसाच्या खोलीत तर अंधार असूनही झटका दिसतो. दुसरी अडचण म्हणजे लहान भाऊ माजघराच्या दारातून धावत येतो, तो कधी आधी येतो, कधी कॅमेरा वळून गेल्यावर. कसं बसवायचं?

ढगाळ
कॅमेरा गर्रकन फिरव आणि त्या धूसर फ्रेममध्ये कट मार, कोणालाच कळत नाही. राहिलेला हादरा एडिटिंगमध्ये स्टॅबिलायझर लावून काढायचा. हिचकॉकनं १९४८ साली 'रोप' अख्खा एका टेकमध्ये काढला, तेव्हा तर गिंबलही नव्हता. जमतंय सगळं.

मुक्कामी
ढगाळ, गर्रकन फिरवायची युक्ती चालते, पण दोन्ही तुकड्यांत कॅमेरा एकाच दिशेला आणि साधारण सारख्याच वेगानं फिरायला हवा. आणि हातात ट्रे घेऊन जपून चालणाऱ्या मुलीसोबत कॅमेरा असा झटक्यात का वळला, हे प्रेक्षकाला पटायला नको का? स्टॅबिलायझर तर जोडावर लावूच नका. तो प्रत्येक तुकड्याची चौकट वेगळी कापतो, मग जोडाच्या जागी भिंती हलल्यासारख्या दिसतात.

'रोप' एका टेकमध्ये झालेला नाही. तेव्हाच्या कॅमेऱ्यात जेमतेम दहा मिनिटांचं रीळ बसायचं. काही कट कोटाच्या पाठीवर जाऊन लपवलेत, काही उघडउघड आहेत. त्यातून घ्यायची गोष्ट वेगळी आहे: सेटच्या भिंती चाकांवर होत्या, कॅमेरा यायच्या आत सरकवल्या जायच्या. पऱ्हाटी, तुमच्या वाड्याच्या भिंती हलणार नाहीत, पण बाज हलते, धान्याची कोठी हलते. कॅमेरा पुढे गेला की मागून दोघांनी बाज उचलून घ्यायची, म्हणजे परत फिरायला वाट मिळते.

आता कापसाची खोली. तिथे अंधार आहे असं तुम्हाला वाटतं, कॅमेऱ्याला वाटत नाही. कापसाचा ढीग हा त्या खोलीतला सगळ्यात मोठा रिफ्लेक्टर आहे. दारातून आलेला थोडासा उजेडही तो परत फेकतो. वाढवलेल्या आयएसओवर त्याचा राखाडी डाग होतो आणि पहिल्या टेकमध्ये डाग डावीकडे, दुसऱ्यात जरा उजवीकडे असला की डोळा तो बरोबर पकडतो. तुमचा झटका हाच असणार. तपासायला जोडाच्या आजूबाजूच्या दहाबारा फ्रेम एकेक करून पाहा आणि ब्राइटनेस मुद्दाम वाढवा. डाग उडी मारतोय का ते लगेच कळेल.

झाडीपट्टीकर
आमच्याकडे वडसा भागात रातभर नाटक चालते भाऊ. आम्ही सीन बदलताना दिवे मालवतो, अंधारात पलंग नेतो, दिवे लावतो. दोन मिनिटं लोक बसून राहतात. तुम्ही पण तसंच करा ना, लाइट गेली असं दाखवा. गावात लाइट जातेच.

पऱ्हाटी
दादा, सूचना चांगली आहे, पण लाइट गेली की प्रेक्षकाला 'इथे काहीतरी बदललं' असं वाटणार. मला उलट हवंय, काही बदललंच नाही असं वाटायला हवं. मुक्कामी, डाग खरंच उडी मारतोय, आत्ताच पाहिलं. मग कट कुठे लपवू?

मुक्कामी
अंधारात नको, चौकटीत लपवा. तुमच्या वाड्याला सागाच्या जाड चौकटी असतीलच. माजघरातून कापसाच्या खोलीत शिरताना कॅमेरा चौकटीला घासून, म्हणजे वीतभर अंतरावरून न्या. लाकडाची उभी कड फ्रेमच्या एका बाजूनं येऊन दुसऱ्या बाजूला जाते. एडिटिंगमध्ये त्या कडेवर मास्क लावायचा: कडेच्या एका बाजूला पहिला टेक, दुसऱ्या बाजूला दुसरा. कड सरकेल तसा मास्क सरकवायचा. सहा-आठ फ्रेमचं काम आहे, दाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीतही होतं. अख्खी फ्रेम काळी व्हायची गरज नाही आणि चौकट जागची हलत नाही, म्हणून दोन्ही टेकमध्ये ती सारखीच राहते.

चौकटीपाशी कॅमेऱ्याची उंची, अंतर आणि चालण्याचा वेग, हे तिन्ही जुळायला हवेत. उंचीसाठी चौकटीवर खडूची खूण करा, शॉटमध्ये येणार नाही अशा बाजूला. वेगासाठी महत्त्वाची गोष्ट: दुसरा टेक चौकटीपासून सुरू करू नका. चारपाच पावलं मागून, माजघरातूनच, मुलीसकट चालत या. तेवढ्यात चालीला लय येते. पहिला टेकही चौकटीच्या पुढे चारपाच पावलं चालू ठेवा. मुलीला आणि कॅमेरावाल्याला मनात एकच ठेका धरायला सांगा.

कापसाच्या खोलीत मग कट उरणारच नाही, ती खोली सरळ दिसू द्या. पांढरा ढीग तुम्हाला दाखवायचाच आहे ना?

लख्ख
सांदवाडीच्या दाराचं मी सांगते, मी लाइटिंगचं काम करते. बाहेर दुपारचं ऊन आणि आत मातीच्या भिंतींचं स्वयंपाकघर यांच्यात सातेक स्टॉपचा फरक सहज असतो. एकाच टेकमध्ये आत जाऊन एक्सपोजर बदललं तर ते दिसतं, म्हणून इथे कट असणं सोयीचंच आहे. बाहेरचा तुकडा उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावून घे, आतला काढून. पण मग आत गेल्यावर कॅमेऱ्याची पाठ सदैव त्या दाराकडे हवी. एकदा जरी वळून बाहेर पाहिलं तरी दार पांढरं फट्ट पडणार. कॅमेऱ्याचा रस्ता आखताना आधी हेच ठरव.

आणि इथे 'अंधारात शिरणं' तुझ्या कामाचं आहे. उन्हातल्या एक्सपोजरवर दाराची आतली बाजू आपोआप काळी दिसते. मुलगी पाठमोरी दारात शिरली आणि तिची गडद पदराची पाठ फ्रेमभर झाली की तिथे जोड. दोन्ही टेक लागोपाठ घे. तासाभराचं अंतर पडलं की उंबऱ्यावरची उन्हाची तिरीप सरकलेली असते. शटर १/५० ठेव, २५ फ्रेमवर. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, आतल्या स्वस्त एलईडी दिव्याची लुकलुक त्यानं बरीच टळते.

पऱ्हाटी
लख्खताई, खूप आभार. पाठ दाराकडे ठेवायची तर कॅमेरा तिच्या मागून चालणार आणि तिचा चेहरा कधी दिसणार?

लख्ख
चुलीपाशी. ती ट्रे उचलायला वाकते तेव्हा तू डाव्या बाजूनं अर्धा वळसा घालून पुढे ये आणि माजघरापर्यंत उलटा चालत जा. पण हे सांदवाडीचं दार मागे नसेल तरच, नाहीतर तेच फ्रेममध्ये येईल. चूल दाराच्या रेषेत आहे की बाजूला?

पऱ्हाटी
बाजूला आहे, कोपऱ्यात. मागे भांड्यांची फळी दिसते.

मुक्कामी
मग बरं आहे. उलटं चालताना कॅमेरावाल्याच्या कमरेला धरून एक माणूस मागे हवाच, जुन्या वाड्यांचे उंबरे उंच असतात.

आता धाकट्या भावाचं. त्याला सेकंद मोजायला लावलंय का? पोरगं असो की मोठा नट, सेकंदांवर येणारा माणूस चुकतोच, कारण समोरची मंडळी दर वेळी थोडं लवकर किंवा उशिरा बोलतात. त्याला शब्दावर आणा. आजीच्या शेवटच्या वाक्यातला एखादा ठसठशीत शब्द निवडा, तो ऐकला की तो धावणार. बाहेर ऐकू जात नसेल तर दाराआड उभ्या माणसानं ऐकून त्याच्या पाठीवर थाप मारायची.

आजीची जागा ही तुमची ढिली जागा ठेवा. म्हणजे तिच्या हातात डाळ निवडायचं सूप द्या. स्वयंपाकघरातून मुलगी लवकर आली तर आजी दोन खडे जास्त वेचेल, उशिरा आली तर लगेच बोलेल. बाकी सगळ्या खोल्या घट्ट बसवा, ढिलाई या एकाच ठिकाणी. तालीम करताना प्रत्येक खोलीचा वेळ घड्याळावर वेगळा लिहा. समजा स्वयंपाकघर एकदा ४० सेकंद आणि एकदा ५५ सेकंद लागलं, तर ही पंधरा सेकंदं आजीला रिचवता यायला हवीत. त्याहून जास्त फरक पडत असेल तर दोष आजीत नाही, स्वयंपाकघरात आहे.

झाडीपट्टीकर
हे मात्र बरोबर हाय. आम्ही पण शब्दावरच एंट्री घेतो. पण आमची आजी माइकपुढं बोलते, तुमची हळू बोलन. पोराला ऐकू यावं म्हणून ती आवाज चढवन आणि सीन बिघडन. थापच मारा.

पऱ्हाटी
दादा, अगदी हेच होत होतं! आजीचं काम करणाऱ्या मावशी नाटकातल्याच आहेत. आता थापेवर घेतो.

ढगाळ
आवाजाचं काय? माझ्या शॉर्ट फिल्ममध्ये चित्र जुळलं होतं, पण जोडावर पंख्याचा आवाज बदलला आणि सगळं उघडं पडलं.

मुक्कामी
ढगाळ, हा मुद्दा मोलाचा. आवाजाचा कट चित्राच्या कटावर ठेवायचाच नाही, दोनेक सेकंद आधी किंवा नंतर हळूच मिसळायचा. प्रत्येक खोलीचा रिकामा आवाज मिनिटभर वेगळा रेकॉर्ड करून जोडाखाली सलग पसरवा. जोड नक्की कशानं उघडा पडतो ते शोधायला एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा डोळे मिटून ऐका.

पऱ्हाटी
चौकटीचा जोड आज करून पाहिला, मास्कनं जवळजवळ बसला. सांदवाडीचं दार मात्र अजून अडतंय. मुलीची पाठ फ्रेमभर होते, पण पहिल्या टेकमध्ये पदरावर ऊन आहे, दुसऱ्यात सावली. पदर गडद रंगाचा घेतला तरी पोत उजळलेला दिसतो. दारावर बाहेरून ताडपत्री बांधून तेवढी दोन पावलं सावलीत आणावीत का? की मग दारच खोटं वाटेल?

लख्ख
ताडपत्री चालेल, पण दारापासून दोनतीन हात उंच आणि पुढे बांध, म्हणजे सावलीची कड दाराच्या बरीच आधी पडेल आणि छपरीची सावली वाटेल. निळी नको, पदरावर निळी झाक येते. गोणपाट मिळालं तर उत्तम.

मुक्कामी
मी असतो तर ताडपत्रीऐवजी सकाळी लवकर शूट केलं असतं, दार सावलीत असताना. अर्थात दार पूर्वेला असेल तर हे जमणार नाही. कोणत्या दिशेला आहे?

पऱ्हाटी
पूर्वेलाच आहे. आणि दुपारनंतर घरमालकांची गुरं सांदवाडीत बांधतात. आधी गोणपाट बांधून बघतो, जोडाच्या फ्रेम इथेच टाकतो.