ड्रेन केलेल्या ऑइलवरून इंजिन खोलायचं का?

घाटरस्ता१२५: १२५ सीसी बाईक, ४२ हजार किमी झालेत. ३ हजारांवर ऑइल बदललं तर काळंकुट्ट निघालं, उन्हात चमचमत होतं. धूर नाही, पिकअप ठीक. मेकॅनिक म्हणतो बोअर-पिस्टन करा. करू का?

पिस्टनप्रेमी: करून टाका. काळं ऑइल म्हणजे आतून घासलंय, आणि चमक म्हणजे पिस्टनच. थांबलात तर क्रँकही जाईल.

गॅरेजातला: काळ्या रंगावरून इंजिन खोलायला सांगणं मला अजिबात पटत नाही. ३ हजार किमीनंतर काजळीने ऑइल काळं होणारच, घाण धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. चमक मात्र गंभीरपणे घ्या. ते ऑइल जुन्या सुती कापडातून गाळा, कापडावरचा गाळ पांढऱ्या ताटलीत थोड्या रॉकेलने धुवा आणि ताटलीखालून लोहचुंबक फिरवा. चुंबकाला मऊ राखाडी लगदा चिकटला तर ती नेहमीची झीज. नखाला टोचणारी कपची चिकटली तर गिअरचा दात किंवा बेअरिंग. चुंबकाला दाद न देणारा रुपेरी चुरा म्हणजे ॲल्युमिनियम, आणि ते फक्त पिस्टनमध्ये नसतं. तुमच्या बाईकला इंजिन, गिअर आणि क्लच यांचं ऑइल एकच. क्लचचं हाउसिंगही ॲल्युमिनियमचं असतं आणि प्लेटा त्याला खाचा पाडतात.

डिझेलवाला: माझ्या डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर आठवड्यात काळं होतं. मग माझंही इंजिन गेलं का?

गॅरेजातला: नाही. डिझेलमध्ये काजळी जास्तच असते, तिथे रंगावरून काहीच ठरत नाही.

नाक_तेज: वासाचं कुणी बोलतच नाही. ऑइलला पेट्रोलचा वास, पातळपणा आणि काचेत वाढलेली पातळी असं तिन्ही असेल तर आधी पेट्रोल कुठून उतरतंय ते शोधा. पातळ ऑइलने चांगलं इंजिनही झिजतं. जळका वास असेल तर बहुधा क्लच.

घाटरस्ता१२५: गाळून पाहिलं. थोडा लगदा चिकटला, बाकी रुपेरी चुरा चुंबकाला लागतच नाही. पेट्रोलचा वास नाही, किंचित जळका आहे. घाटात अर्धा क्लच दाबून चालवतो.

गॅरेजातला: मग आधी कॉम्प्रेशन तपासा आणि उजवं कव्हर काढा. क्लच तिथेच दिसेल. अशा बऱ्याच बाईकना कागदी फिल्टर नसतो, क्रँकवर फिरणारा फिल्टर आणि जाळी असते. जड कण तिथे साठतात, म्हणून ड्रेन झालेल्या ऑइलवर पूर्ण विसंबू नका. कॉम्प्रेशन चांगलं असेल तर बोअरला हात लावू नका.

पिस्टनप्रेमी: पिस्टनही ॲल्युमिनियमचाच ना? त्यापेक्षा ऑइल लॅबला द्या, डोळ्यांनी काय कळणार?

गॅरेजातला: पिस्टनची शक्यता मी नाकारत नाही, म्हणूनच आधी कॉम्प्रेशन. पण लॅबच्या नेहमीच्या चाचणीत अगदी बारीक कणच मोजले जातात. डोळ्याला दिसणारा चुरा तिच्यातून निसटतो.

नाक_तेज: इथे माझं मत वेगळं आहे. दर बदलाला नमुना दिला तर झीज वाढतेय का ते लॅबमध्येच कळतं, एका ताटलीवरून नाही.

घाटरस्ता१२५: रविवारी कव्हर काढतोय. हाउसिंगच्या खाचांचे फोटो टाकतो.