मदत हवी आहे: सत्रांसाठी लिहिलेल्या तीन निबंधांचा एकसंध लघुप्रबंध कसा करावा?

घणसोली_नाका

नमस्कार. मी नवी मुंबईत राहते आणि समाजशास्त्राच्या एम.ए.चे शेवटचे सत्र करते आहे. मागच्या सत्रांत मी एकाच परिसरावर तीन निबंध लिहिले. पहिला १९७० पासूनच्या भूसंपादनावर असून तो मुख्यतः कागदपत्रांवर आधारलेला आहे, दुसरा दिवाळे गावातील मासेमारी करणाऱ्या कुटुंबांच्या मुलाखतींवर आणि तिसरा घणसोली गावठाणातील वाढीव घरांवर आहे. या तिन्हींचा मिळून लघुप्रबंध करायला मार्गदर्शकांची हरकत नाही, मात्र "तीन निबंध एका पुठ्ठ्यात बांधून आणू नका" अशी त्यांची ताकीद आहे.

मी तिन्ही फाइली एकामागे एक जोडून पाहिल्या, तेव्हा पुढील अडचणी लक्षात आल्या. भूसंपादनाचा इतिहास तिन्ही ठिकाणी थोड्याफार फरकाने आला आहे. पहिल्या निबंधात "प्रस्तुत अभ्यासक" आहे, दुसऱ्यात "मी" आहे आणि तिसरा एका मैत्रिणीबरोबर लिहिलेला असल्यामुळे त्यात "आम्ही" आहे. एकाच लोकांना पहिल्यात "प्रकल्पग्रस्त", दुसऱ्यात "बाधित कुटुंबे" आणि तिसऱ्यात "भूमिपुत्र" म्हटले आहे. प्रत्येक निबंधात तक्ता १ आहे. सुरुवात कोठून करावी, हे कृपया सांगावे.

कळवा_पूल

यात इतके घाबरण्यासारखे काही नाही. वर्डमध्ये Find and Replace उघडावे, "बाधित कुटुंबे" आणि "भूमिपुत्र" या दोन्हींच्या जागी "प्रकल्पग्रस्त" घालावे आणि Replace All दाबावे. "आम्ही"चेही तसेच "मी" करता येईल. तक्त्यांचे क्रमांक हाताने बदलावेत, तीन निबंधांत असे किती तक्ते असणार? एका सुट्टीच्या दिवशी सगळे आटोपते.

मुद्रितशोधक_नौपाडा

कळवा_पूल यांची तळमळ समजते, पण मराठीत Replace All हे फार धोक्याचे हत्यार आहे. "आम्ही गेलो" मधील "आम्ही" बदलले की "मी गेलो" उरते, आणि लिहिणारी बाई आहे. "आम्हाला", "आमच्या", "आम्हांस" ही रूपे त्या शोधात सापडतच नाहीत. "बाधित कुटुंबांना" मध्ये "बाधित कुटुंबे" ही अक्षरे सलग येत नाहीत, त्यामुळे सामान्यरूपे जशीच्या तशी राहतात आणि फक्त प्रथमेची रूपे बदलतात. लिंगाचाही प्रश्न आहे. "भूमिपुत्र संतापले" चालते, परंतु "बाधित कुटुंबे स्थलांतरित झाली" याचे "प्रकल्पग्रस्त स्थलांतरित झाली" असे होऊन बसते. शोध घ्यावा, मात्र "बाधित", "भूमिपुत्र", "आम्ह", "आमच" असे मूळ अंश शोधावेत आणि प्रत्येक ठिकाणी वाक्य वाचून हाताने बदल करावा.

आणखी एक गोष्ट आधीच विचारून ठेवतो. तीनपैकी एखादा निबंध श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला नाही ना? ठाण्यात टंकलेखन करून देणाऱ्या अनेक दुकानांत आजही तसे फॉन्ट वापरतात. तसा मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण युनिकोडमध्ये टाइप केलेला शब्द त्यात शोधला तर एकही सापडत नाही आणि तो शब्द तेथे नाहीच, असा आपला समज होतो.

घणसोली_नाका

तिसऱ्या निबंधातील काही पाने तशीच निघाली. फॉन्ट बदलून पाहिला तेव्हा तेवढ्याच पानांवर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला.

मुद्रितशोधक_नौपाडा

मग आधी ती पाने युनिकोडमध्ये आणून छापील प्रतीशी ताडून पाहावीत. रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी बहुधा चुकीच्या अक्षरावर जाऊन बसते. तोवर परिभाषेच्या कामाला हात लावू नये.

ऐरोली_टेकडी

आमच्या अभियांत्रिकीच्या अहवालात लेटेक वापरल्यामुळे क्रमांकांचा प्रश्नच आला नव्हता. शिवाय तीन निबंध तयारच आहेत, तर ते आधी नियतकालिकांत प्रसिद्ध करून मागाहून एकत्र का बांधत नाही? आमच्याकडे एका वरिष्ठाने पीएच.डी. तशीच केली.

घणसोली_नाका

माझा प्रश्न प्रकाशनाचा नाही. हे निबंध अंतर्गत मूल्यमापनासाठी लिहिले होते आणि लघुप्रबंध याच सत्रात द्यायचा आहे.

वाचक_पाचपाखाडी

मी बरीच वर्षे पदव्युत्तर वर्गांना शिकवते आणि असे जोडप्रबंध पुष्कळ तपासले आहेत. व्याकरणाविषयी वर जे सांगितले आहे ते योग्यच आहे, पण माझ्या मते त्याच्या आधीचा प्रश्न वेगळा आहे. आपण म्हणता की तिन्ही निबंधांत "एकाच लोकांना" तीन नावे दिली आहेत. ते लोक खरोखर एकच आहेत का, हे आधी पाहावे. पहिल्या निबंधात "प्रकल्पग्रस्त" म्हणजे नेमके कोण, हे येथे लिहाल का?

घणसोली_नाका

ज्यांचे नाव सातबाऱ्यावर होते आणि ज्यांची जमीन संपादित झाली, ते खातेदार. दुसऱ्या निबंधातील बहुतेक कुटुंबांची जमीन नव्हती, त्यांचा खाडीतील मासेमारीचा व्यवसाय गेला किंवा घटला. तिसऱ्यात गावठाणातील मूळची सगळी घरे धरली आहेत, त्यांत खातेदारही आहेत आणि इतरही.

वाचक_पाचपाखाडी

म्हणजे हे तीन वेगवेगळे समूह आहेत आणि ते एकमेकांवर थोडे थोडे चढलेले आहेत. आता समजा, सगळीकडे "प्रकल्पग्रस्त" घातले. पहिल्या निबंधात कोठेतरी "प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के योजनेखाली विकसित भूखंड देय ठरले" अशा अर्थाचे वाक्य असेल, आणि तेथे ते बरोबर आहे. त्या योजनेचा हिशेब संपादित झालेल्या जमिनीवर बेतलेला आहे, त्यामुळे जमीन नसलेले दिवाळ्यातील कुटुंब त्यात त्याच पायावर येत नाही. पण पुढच्या प्रकरणात त्याच कुटुंबाला आपण "प्रकल्पग्रस्त" म्हटलेत, तर वाचक आधीचे वाक्य त्यालाही लावील आणि कोणतेही एक वाक्य चुकीचे नसताना प्रबंध चुकीचे सांगू लागेल. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न येथेच येतो.

म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना एक साधे पत्रक करायला लावते. प्रत्येक संज्ञेपुढे त्यात कोण येतात, कोण येत नाहीत आणि ती कोणत्या प्रकरणात वापरायची, एवढेच लिहायचे. आपल्या बाबतीत मी "खातेदार प्रकल्पग्रस्त" आणि "उपजीविकाबाधित कुटुंबे" अशा दोन संज्ञा ठेवीन आणि दोघांना मिळून बोलायचे असेल तेथे "मूळ ग्रामस्थ" म्हणेन. "भूमिपुत्र" हा शब्द मुलाखती देणाऱ्यांच्या तोंडचा आहे. अवतरणचिन्हांत तो जसाच्या तसा राहिला पाहिजे, आपल्या निवेदनात मात्र तो येऊ नये. मुलाखतींतील शब्द एकरूपतेसाठी बदलणे म्हणजे पुराव्यात फेरफार करणे होय.

हीच कसोटी तक्त्यांना लावावी. तिसऱ्या निबंधातील "भूमिपुत्र कुटुंबे" हा रकाना नव्या संज्ञांनुसार दोन रकान्यांत फोडता येतो का, ते मूळ नोंदी काढून पाहावे. येत नसेल, तर शीर्षकातच "मूळ ग्रामस्थ, खातेदार व इतर एकत्रित" असे लिहावे आणि त्या तक्त्याची पहिल्या निबंधातील तक्त्याशी टक्केवारीने तुलना करू नये, कारण दोन्हींचे एकूण वेगवेगळे आहेत.

घणसोली_नाका

हे माझ्या मुळीच ध्यानात आले नव्हते. तिसऱ्या निबंधाच्या शेवटी आम्ही नेमकी तशीच तुलना केली आहे, ती काढावी लागेल. भूसंपादनाचा इतिहास जो तीनदा आला आहे, त्याचे काय करावे?

वाचक_पाचपाखाडी

तिन्ही निबंधांच्या छापील प्रती घेऊन प्रत्येक परिच्छेदाच्या समासात, तो काय काम करतो, ते चार शब्दांत लिहा. जे परिच्छेद एकच काम करतात ते शेजारी ठेवून त्यांतला सर्वांत भक्कम निवडा आणि बाकीच्यांत जो तपशील जास्तीचा असेल तेवढाच त्यात घाला. हा इतिहास एकदाच, दुसऱ्या प्रकरणात यावा. दिवाळ्याच्या प्रकरणात मासेमारीपुरते एखादे वाक्य आणि मागील प्रकरणाचा निर्देश पुरे. अभ्यासपद्धतीचेही एकच प्रकरण करा, पण क्षेत्रकार्य वेगवेगळ्या वर्षी झाले असेल तर ते तेथे स्पष्ट लिहा, एकाच वेळी केल्यासारखे भासवू नका. तिन्ही निबंधांचे समारोप त्या त्या जागेवरून उचलून शेवटच्या प्रकरणाचा कच्चा माल म्हणून वेगळे ठेवा. प्रकरणागणिक समारोप राहिला की तीन निबंध लगेच ओळखू येतात.

मुद्रितशोधक_नौपाडा

येथे एक भर घालतो. परिच्छेद हलवले की तळटिपांतील "तत्रैव" फसवतात. "तत्रैव" म्हणजे लगतच्या वरच्या टिपेतील ग्रंथ, आणि मध्ये दुसऱ्या निबंधाचा परिच्छेद शिरला की तो भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवतो. जोडणी करण्यापूर्वीच तिन्ही फाइलींत सगळ्या "तत्रैव"च्या जागी लेखकाचे आडनाव, वर्ष आणि पृष्ठ लिहून टाकावे.

क्रमांक मात्र हाताने मुळीच घालू नयेत. प्रकरणांच्या शीर्षकांना Heading 1 द्यावे आणि ते बहुस्तरीय क्रमांकनाला जोडावे. मग प्रत्येक तक्त्याला Insert Caption मधून "तक्ता" हे नवे लेबल देऊन तेथेच Numbering मध्ये Include chapter number निवडावे आणि Use separator मध्ये आडव्या रेघेऐवजी टिंब घ्यावे, म्हणजे दुसऱ्या प्रकरणातील तिसरा तक्ता आपोआप २.३ होतो. प्रकरणाचा अंक शीर्षकावरून येतो आणि तक्त्याचा वेगळा, त्यामुळे दोन्हीकडे देवनागरी अंक निवडले नाहीत तर 2.३ असे कडबोळे छापले जाते. मजकुरातील उल्लेख Cross-reference मधून Only label and number निवडून घालावा आणि वाक्य "तक्ता २.३ मध्ये" असे लिहावे. "तक्त्यात" असे लिहायला गेलात तर स्वयंचलित लेबल तेथे बसत नाही. शेवटी Ctrl+A आणि F9. त्यात तळटिपा येत नाहीत, म्हणून एखाद्या तळटिपेत कर्सर ठेवून तेच पुन्हा करावे. छापायला देण्यापूर्वी "Error!" हा शब्द शोधावा. एखादा तक्ता काढून टाकला असेल आणि त्याचा उल्लेख मागे राहिला असेल, तर तो तेथे सापडतो.

कळवा_पूल

सामान्यरूपांचा मुद्दा मान्य. पण मग "मी", "आम्ही" आणि "प्रस्तुत अभ्यासक" यांतले काय ठेवायचे? आमच्या विभागात "मी" लिहिले की लाल रेघ ओढतात.

वाचक_पाचपाखाडी

मी तरी "मी" ठेवीन. मुलाखती कोणी घेतल्या, कोणाच्या घरात बसून घेतल्या, हे "प्रस्तुत अभ्यासकाने" या पडद्याआडून सांगणे अवघडच जाते.

मुद्रितशोधक_नौपाडा

मला "मी" सर्वत्र रुचत नाही. पहिल्या निबंधासारख्या कागदपत्रांवरील भागात कर्ता न दाखवताही वाक्य नीट लिहिता येते, "या नोंदींवरून असे दिसते" एवढे पुरते. "मी" फक्त क्षेत्रकार्याच्या वर्णनात यावा. "प्रस्तुत अभ्यासक" मात्र दोन्हीकडून जावा, याबद्दल आमचे दुमत नसावे.

घणसोली_नाका

मुद्रितशोधक यांचा मार्ग मला सोयीचा वाटतो, मार्गदर्शकांना विचारून ठरवते. शेवटचा प्रश्न मैत्रिणीबरोबर लिहिलेल्या निबंधाचा आहे. घरांची पाहणी दोघींनी केली, तक्ते मी केले आणि विवेचन बरेचसे तिचे आहे.

वाचक_पाचपाखाडी

तेथे "आम्ही"चे "मी" करणे हा भाषेचा प्रश्न राहत नाही. पाहणीतील नोंदी दोघींच्या आहेत असे स्पष्ट लिहून, तिच्या लेखी संमतीने त्या वापरता येतील असे मला वाटते. विवेचन मात्र आपण नव्याने लिहावे आणि तिचा एखादा मुद्दा घेतलाच, तर त्या निबंधाचा दोघींच्या नावाने संदर्भ द्यावा. तो निबंध विभागाकडे जमा असेल, तर साम्य तपासणीत तो समोर येऊ शकतो, हेही मार्गदर्शकांच्या कानावर आधीच घालावे. तिलाही त्याच निबंधातून स्वतःचा लघुप्रबंध करायचा आहे का?

घणसोली_नाका

हो, तिचाही तोच विचार आहे. म्हणूनच विचारले.

वाचक_पाचपाखाडी

मग दोघींनी मिळून मार्गदर्शकांना भेटा. तो निर्णय त्यांनाच घ्यावा लागेल, आणि तोही घरांवरचे प्रकरण लिहायला घेण्यापूर्वी.