संक्षारक, दाहक की सरळ ‘कातडी भाजतं’? स्टोअरच्या कार्डासाठी शब्द हवा

मुक्ता_दे

सोडियम हायपोक्लोराइटच्या कॅनसाठी एका पानाचं मराठी कार्ड करतेय. द्रावण १०-१२ टक्क्यांचं आहे. पुरवठादाराची सेफ्टी डेटा शीट १६ भागांची आहे. त्यातून स्टोअरमध्ये काम करणाऱ्याला लागेल तेवढंच घ्यायचंय: यात धोका काय, हाताळायचं कसं, आणि अंगावर किंवा डोळ्यात गेलं तर आधी काय करायचं.

पहिल्याच ओळीला अडले. शीटच्या दुसऱ्या भागात दोन वेगळे धोके दिलेत. H290 म्हणजे हे धातू खातं. H314 म्हणजे कातडी गंभीर भाजते आणि डोळ्यांना इजा होते. बोलताना दोन्हीला ‘करोझिव्ह’च म्हणतात आणि चित्रही एकच आहे, एका बाजूला हातावर थेंब पडतोय, दुसरीकडे धातूच्या पट्टीवर. कोश म्हणतो ‘संक्षारक’. तो शब्द घालून कच्चं कार्ड स्टोअरमधल्या दादांना दाखवलं. ते म्हणाले, “म्हणजे लोखंडी रॅकवर ठेवायचं नाही, गंज चढेल.” बरोबरच आहे त्यांचं, पण हातमोज्यांचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही. एक सहकारी ‘दाहक’ सुचवतो. मला ‘दाहक’ म्हटलं की ऊन किंवा भाषण आठवतं. तुम्ही काय लिहाल?

निरुक्तप्रेमी

‘दाहक’ला ऊन आणि भाषण नंतर चिकटलं. कॉस्टिक सोड्याला मराठीत ‘दाहक सोडा’ म्हणतातच की. दह् धातू, जाळणे. ज्वाळा नसतानाही दाह होतो, पोटात होतो, जखमेत होतो. ‘संक्षारक’ मला पटत नाही ते वेगळ्या कारणाने. त्यात ‘क्षार’ दिसतो. मूळ क्षर् म्हणजे झिरपणे, झिजणे, पण वाचणाऱ्याला मूळ दिसत नाही, क्षारच दिसतो. मग आम्लाच्या बाटलीवर ‘संक्षारक’ वाचून तो गोंधळणारच.

कोठीवाला

मी स्टोअरच सांभाळतो. आमच्याकडे अशा सगळ्याला ‘तेजाब’ म्हणतात. सगळ्यांना कळतं, हात आपोआप मागे जातो. तेच लिहा.

जुना_खडू

कोठीवाले, ‘तेजाब’ने हात मागे जातो हे खरं, पण इथे तो शब्द घातक ठरेल. तेज आणि आब, तीव्र पाणी, फारसीतून आलेला शब्द, आणि आपण तो आम्लालाच वापरतो. हायपोक्लोराइट आम्ल नाही, उलट अल्कधर्मी आहे. त्याच्या कार्डावर ‘तेजाब’ लिहिलंत तर कुणीतरी तो कॅन नेऊन हायड्रोक्लोरिक आम्लाशेजारी ठेवेल, कारण त्याच्या लेखी दोन्ही तेजाबच. दोन्ही एकत्र सांडली की क्लोरीन वायू सुटतो:

NaOCl + 2HCl → NaCl + H₂O + Cl₂

मुक्ताताई, त्यामुळे पहिल्या ओळीइतकंच लक्ष सातव्या भागाकडे द्या. तिथे साठवणीबद्दल काय लिहिलंय?

मुक्ता_दे

“विसंगत पदार्थांपासून दूर ठेवा.” माझ्याआधी कुणीतरी केलेल्या भाषांतरात असंच आहे आणि मीही तेच ठेवणार होते.

जुना_खडू

ही ओळ कार्डावर असून नसल्यासारखी. सातवा भाग बहुतेक शीटमध्ये असा मोघमच असतो. नावं दहाव्या भागात सापडतात, स्थिरता आणि अभिक्रियेच्या. हायपोक्लोराइटसाठी तिथे आम्लं, अमोनिया, काही धातू असतील. ती यादी घेऊन स्टोअरमध्ये उभ्या राहा आणि त्यातलं प्रत्यक्ष काय काय तिथे आहे ते बघा. पाइपातला किंवा फरशीवरचा थर काढायचं द्रव असेल तर ते बहुतेक आम्लच असतं, पण त्याच्या लेबलवर ‘आम्ल’ हा शब्द ठळक असेलच असं नाही. कार्डावर त्या कॅनचं नाव जसं लेबलवर छापलंय तसंच लिहा: “अमुक क्लीनरजवळ ठेवू नका, एकत्र झाल्यास विषारी वायू सुटतो.” दोघांखालचा, सांडलेलं धरणारा ट्रेही वेगळा हवा. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो, तो खालीच पसरतो. म्हणून सांडलेलं बघायला वाकू नये, आधी बाहेर पडावं, हेही एका ओळीत येऊ द्या.

निरुक्तप्रेमी

‘विसंगत’ हा शब्द संगतीतून आला, संगत जुळत नाही तो विसंगत. रसायनांना तो लावणं मला तरी गोड वाटतं.

कोठीवाला

आम्ही म्हणतो, “याचं त्याच्याशी पटत नाही.” पण मग जुन्या खडूंचं बरोबर आहे, कोणाचं कोणाशी ते नावाने सांगायला हवं.

आणखी एक. सगळ्या कार्डांवर “झाकण घट्ट बंद ठेवा” असतं. हायपोच्या कॅनला ते लागू करू नका. त्याच्या झाकणात वाफ सुटायला बारीक छिद्र असतं. उन्हाळ्यात कुणीतरी ते टेपने बंद केलं होतं, वास येतो म्हणून. कॅन फुगून बुडाला गोल झाला, उभा राहीना.

जुना_खडू

फार कामाची गोष्ट सांगितलीत. हायपोक्लोराइट ठेवल्या ठेवल्या हळूहळू विघटित होतं आणि त्यातून ऑक्सिजन सुटतो, उष्णतेने आणि उजेडाने जास्त वेगाने. त्या छिद्रातून तो बाहेर जायला हवा. शीटमध्ये ‘घट्ट बंद’ हे ठोकळेबाज वाक्य अनेकदा येतं आणि त्याच शीटमध्ये पुढे कुठेतरी छिद्राच्या झाकणाचा उल्लेखही असतो. दोन्ही वाक्यं कार्डावर उतरवली तर वाचणारा सोपं तेवढं पाळेल. म्हणून लिहा: “छिद्राचं मूळ झाकणच लावा, छिद्र बुजवू नका. कॅन उभा, सावलीत. फुगलेला दिसला तर उघडू नका, कळवा.” शीटचं वाक्य बदलण्याआधी पुरवठादाराला विचारून घ्या, एवढं मात्र करा.

पानगळ

मला असंच कार्ड थिनरसाठी हवंय. ‘ज्वलनशील’ की ‘ज्वालाग्राही’? मला वाटतं दोन्ही एकच.

निरुक्तप्रेमी

एक नाहीत. लाकूड ज्वलनशील आहे, जळतं. ज्वालाग्राही म्हणजे ज्वाळा चटकन धरणारं. थिनर ज्वालाग्राहीच.

पानगळ

पण टँकरवर ‘ज्वलनशील’च लिहिलेलं असतं, आणि लोक लांब राहतात.

मुक्ता_दे

थिनरसाठी वेगळा धागा काढू या का? माझं अजून प्रथमोपचारावर अडलंय. चौथ्या भागातलं मी असं केलंय:
“डोळ्यात गेल्यास: डोळे काही मिनिटे पाण्याने धुवा. गिळल्यास: तोंड धुवा. उलटी होऊ देऊ नका. डॉक्टरांना दाखवा.”

सुमन_परिचारिका

मुक्ता, मी अपघात विभागात काम केलंय, म्हणून तिन्ही ओळींवर बोलते.

‘डोळे धुवा’ म्हटलं की आपला माणूस ओंजळीत पाणी घेऊन चार हबके मारतो आणि रुमालाने पुसतो. त्याच्या मते डोळे धुऊन झाले. इथे तसं चालत नाही. अल्कधर्मी द्रव आत आत शिरत जातं, त्यामुळे पाणी सतत वाहतं लागतं. ‘धार’ म्हणा, पण ‘सौम्य धार’, नाहीतर कुणी पाइपचा फवारा डोळ्यावर सोडेल. पापण्या बोटांनी उघड्या धरायला सांगा, कारण आग होत असताना डोळे मिटलेलेच राहतात. आणि ‘काही मिनिटे’ नको. लेबलवरच्या ठरीव वाक्यात तसं मोघम असतं, पण चौथ्या भागात बहुतेक आकडा असतो, किमान १५ मिनिटं वगैरे. तुमच्या शीटचा आकडा घ्या. लेन्स असेल तर सहज निघत असली तरच काढायची, आणि ती काढायला म्हणून पाणी सुरू करणं लांबवायचं नाही.

‘तोंड धुवा’ वाचून माणूस चेहरा धुईल. ‘चूळ भरा’ लिहा.

सगळ्यात धोक्याचं ‘उलटी होऊ देऊ नका’. आपोआप होणारी उलटी कोण थांबवणार? आणि थांबवायला जाऊन तोंड दाबलं तर? मूळ सूचना अशी आहे की मुद्दाम उलटी काढू नका. गिळताना अन्ननलिका एकदा भाजली, वर येताना पुन्हा भाजते, शिवाय श्वासात जायची भीती. “घशात बोटं घालून किंवा मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका” असं फोड करून लिहा, कारण लोक करतात तेच.

पानगळ

पण हे अल्कधर्मी आहे ना? मग थोडं व्हिनेगर लावलं तर मारलं जाईल. शाळेत शिकलोय, आम्ल आणि अल्क मिळून मीठ आणि पाणी.

जुना_खडू

चंचुपात्रात बरोबर, कातडीवर नाही. त्या अभिक्रियेत उष्णता निघते, ती आधीच भाजलेल्या जागी. आणि हायपोक्लोराइटवर व्हिनेगर म्हणजे वर लिहिलेला क्लोरीनच, तोही जखमी माणसाच्या नाकाजवळ. पाणी, फक्त पाणी, भरपूर. भिजलेले कपडे पाण्याखालीच उतरवायचे.

मुक्ता_दे

सुमनताई, ‘हबके’ तर तसाच कार्डावर घालते: “हबके मारू नका, सौम्य धार सतत सोडा.” करोझिव्हचंही मग दोन ओळींत फोडते. “कातडी आणि डोळे भाजतात. हातमोजे आणि गॉगल घालूनच हात लावा.” आणि त्याखाली “धातू खातं. लोखंडी रॅकवर ठेवू नका.” कातडीची ओळ वर. हातमोजे कोणत्या रबराचे ते आठव्या भागातून घेतलंय.

निरुक्तप्रेमी

म्हणजे मराठीला शब्दच नको, वाक्यानेच भागवायचं? दोन पिढ्या असं भागवलं तर ‘दाहक’ कोशातच राहील. शीर्षकात तरी तो ठेवा आणि खाली फोड करा. शब्द वापरूनच रुळतो.

सुमन_परिचारिका

शब्द रुळवायला दुसऱ्या जागा आहेत हो. हे कार्ड ज्या क्षणी वाचलं जातं त्या क्षणी एक डोळा मिटलेला असतो.

निरुक्तप्रेमी

त्या क्षणी कोणी कार्ड वाचत नाही, ताई. वाचायचं ते आधी, शांतपणे, आणि तेव्हा माणूस नवा शब्द शिकू शकतो.

कोठीवाला

शीर्षकाचं निघालंच आहे तर सांगा. लेबलवर दोनच शब्द असतात, डेंजर आणि वॉर्निंग. आमच्या जुन्या कार्डांवर एकाला ‘धोका’ आणि दुसऱ्याला ‘सावधान’ केलंय. आमच्या पोरांना ‘सावधान’च जास्त भारी वाटतं.

जुना_खडू

उलटं झालं ते. त्या पद्धतीत डेंजर वरचा, वॉर्निंग खालचा, आणि एका लेबलवर दोन्ही येत नाहीत. या कॅनवर डेंजर असेल.

पानगळ

मग खालच्याला ‘जपून’ म्हणा. ‘सावधान’ वर कवायतीत उभं राहतात लोक.

निरुक्तप्रेमी

‘सावधान’ म्हणजे स-अवधान, लक्ष देऊन. ‘जपून’पेक्षा तेच नेमकं आहे. मंगलाष्टकांतही तेच आहे.

कोठीवाला

नेमकं असेल, पण ड्रमवर रंग काय द्यायचा ते सांगा. ‘सावधान’ लाल रंगात छापून आलंय आणि ‘धोका’ पिवळ्यात. नवीन कार्डं जुन्याशेजारीच लागणार आहेत.