तज्ज्ञाचा अहवाल आला म्हणजे सही सिद्ध झाली का?

मूळ पोस्ट (प्रसाद): सही खरी की खोटी हे शास्त्राने ठरतं. हस्ताक्षरतज्ज्ञाने लेखी अहवाल दिला की विषय संपायला हवा. न्यायाधीश तो बाजूला ठेवतात तो कोणत्या अधिकारात?

सुधाकर (दिवाणी वकिली, २६ वर्षं): राहवत नाही म्हणून सविस्तर लिहितो. अहवाल म्हणजे मत. जुन्या साक्ष कायद्याचं कलम ४५ घ्या की आताच्या साक्ष अधिनियमाचं ३९, मत 'ग्राह्य' आहे एवढंच तिथे म्हटलंय. ते बंधनकारक आहे असं कुठेही नाही. तज्ज्ञाने पिंजऱ्यात येऊन कारणं सांगायची आणि उलटतपासात टिकायचं.

माझ्याकडचंच प्रकरण सांगतो. दोन लाखांची हातउसनी पावती होती आणि प्रतिवादी सही नाकारत होता. तज्ज्ञाने 'सही जुळत नाही' असा अहवाल दिला. मी विचारलं, तुलना कशाशी केली? वकालतनामा आणि कैफियत. दोन्ही दावा दाखल झाल्यानंतरच्या, म्हणजे सही बदलायची संधी मिळाल्यावरच्या! पावतीच्या काळातली एकही कबूल सही त्यांच्यापुढे नव्हती. मग आम्ही पावतीच्या आदल्या वर्षीचं त्याचं नोंदणीकृत खरेदीखत आणि बँकेतलं खातं उघडतानाचं नमुनापत्रक मागवलं. त्यावरच्या सह्यांत शेवटच्या अक्षराची शेपटी खाली वळून परत वर येत होती. पावतीवर तशीच. वकालतनाम्यावर ती शेपटी नव्हतीच. तज्ज्ञांना मान्य करावं लागलं की हे कागद आधी मिळाले असते तर मत वेगळं असतं. पावती लिहिणाऱ्याची साक्षही टिकली आणि दावा डिक्री झाला.

वैशाली: माझ्या वडिलांच्या मृत्युपत्रात हेच झालं. शेवटच्या वर्षात हात कापायचा, तर विरोधकांच्या तज्ज्ञाने त्या कंपालाच बनावटीची खूण म्हटलं. आम्ही दुसरा तज्ज्ञ आणला, तो म्हणाला सही अस्सल. दोघांनी फी घेतली, दोघांनी मोठे केलेले फोटो लावले. मग शास्त्र कुठे गेलं? पैसे देणाऱ्याच्या बाजूनेच मत येतं!

सुधाकर: वैशालीताई, राग समजतो. पण दोन्ही कंप वेगळे असतात. म्हाताऱ्या हाताचा कंप अनियमित असतो, तरी सहीची चाल मोडत नाही. नक्कल करणारा सही हळूहळू काढतो, नको तिथे पेन उचलतो, रेषेवर परत रेषा मारतो. हे मूळ कागदावर दिसतं, झेरॉक्सवर दाब कळत नाही. आणि मृत्युपत्रात आधी साक्षीदाराकडे बघतात. १९६४ च्या शशीकुमार बॅनर्जी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंच आहे की तज्ज्ञाचं मत ठोस पुराव्याची जागा क्वचितच घेऊ शकतं. तुमचा साक्षीदार हयात होता का?

वैशाली: एक होता. त्याच्यावरच जिंकलो. पण सात वर्षं गेली, ती कोण देणार?

प्रसाद: म्हणजे तज्ज्ञाच्या मताला दुसऱ्या पुराव्याचा आधार लागतोच, नाहीतर ते कचरा, असं म्हणा ना सरळ.

अनघा (कायद्याचं शेवटचं वर्ष): नाही, हेही चूक. मुरारीलाल खटल्याचा निकाल (१९८०) वाचा. तज्ज्ञ काही गुन्ह्यातला साथीदार नाही की त्याच्या साक्षीकडे आधीपासूनच संशयाने बघावं; आधार हवाच असा कायद्याचा नियम नाही. कारणं पटणारी असतील आणि त्यावर शंका घेणारा भरवशाचा पुरावा नसेल तर एकट्या मतावरही निकाल देता येतो. सुधाकरकाका, तुम्ही फक्त एकच बाजू मांडलीत.

सुधाकर: बरं, मुरारीलाल मान्य. पण 'सावधगिरीने' हा शब्द त्यातही आहे, तो गाळू नका.

मिलिंद: तज्ज्ञच कशाला लागतो? कलम ७३, आताचं ७२, न्यायाधीश स्वतः दोन सह्या शेजारी ठेवून ठरवू शकतात. माझ्या केसमध्ये अर्ध्या तासात ठरवलं, आणि मी हरलो! भिंगसुद्धा नव्हतं हातात! त्यांना अक्षर ओळखायला शिकवलं कुणी?

अनघा: अधिकार आहे, पण पालीराम (१९७९) खटल्यात बजावलंय की केवळ स्वतःच्या तुलनेवर विसंबायला न्यायाधीशांनी कचरावं. अपिलात हा मुद्दा घेतला होता?

मिलिंद: वकिलाने घेतलाच नाही. मला आत्ता कळतंय.

प्रसाद: म्हणजे तज्ज्ञ चुकतो, न्यायाधीशही चुकतात. सामान्य माणसाने कुणावर भरवसा ठेवायचा?

सुधाकर: पावती लिहिताना दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि त्या काळातले सह्यांचे कागद जपून ठेवा. मिलिंद, निकालाची तारीख सांगा. अपिलाची मुदत उलटली असेल तर आधी विलंबमाफीचा अर्ज करावा लागेल.

मिलिंद: कागद काढतो रात्री. वकिलावरचा राग मात्र जाणार नाही.